११८ गुण, तरी नापास

"प्राध्यापकांना एवढा पगार, पण ते नेमकं करतात काय आणि ते मोजतं कोण?" हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीवर आठवड्यातून एकदा तरी निघतोच. प्रश्न रास्त आहे. अनुदानित कॉलेजातला पगार सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याच करातून येतो. तर मित्रहो, मोजलं जातं. फॉर्म असतो, तक्ते असतात, गुण असतात, पुराव्यांची जाडजूड फाइल असते. मी कला शाखेत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं कॉलेजच्या आयक्यूएसीचा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा, समन्वयक होतो. सहकाऱ्यांच्या बढतीच्या फायली आधी माझ्या टेबलावर यायच्या, मग समितीपुढे आणि शेवटी सहसंचालक कार्यालयात जायच्या. त्यामुळे हे मोजमाप आतून कसं चालतं ते माहीत आहे. ते जसं चालतं तसंच सांगतो, मग ठरवा.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॉलेजातल्या बढतीला नियमांच्या भाषेत कॅस म्हणतात, आम्ही आपसांत प्लेसमेंट म्हणतो. सहायक प्राध्यापक लागतो तेव्हा लेव्हल १० वर असतो, मग ११, १२, पुढे सहयोगी प्राध्यापक म्हणजे १३ए आणि शेवटी प्राध्यापक म्हणजे लेव्हल १४. यातली मोठी उडी १२ वरून १३ए वर जाताना असते. मूळ वेतन ७९,८०० पासून सुरू होणाऱ्या पायरीवरून माणूस १,३१,४०० च्या पायरीवर जातो. फॉर्मवरून एवढी जिवाची घालमेल का होते, ते या दोन आकड्यांवरून कळेल.

गुणांची पद्धत यूजीसीने २०१० मध्ये आणली. एपीआय हा शब्द तेव्हापासून स्टाफरूममध्ये मुक्कामाला आला. शिकवण्याला १२५ पैकी, सहशालेय आणि विस्तारकार्याला ५० पैकी, आणि संशोधनाला वेगळे गुण. शिकवण्याच्या १२५ पैकी किमान ७५ लागायचे आणि सुरुवातीचे गुण ज्याचे त्यानेच भरायचे. स्वतःला १२५ पैकी ९० देणारा प्राध्यापक मला तरी भेटला नाही. आरडाओरड झाली, दुरुस्त्या झाल्या, आणि जुलै २०१८ मध्ये यूजीसीने नवे नियम आणले. महाराष्ट्र सरकारने ते ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केले. नव्या नियमांत दरवर्षीचे गुण गेले आणि त्यांच्या जागी शेरे आले: उत्तम, समाधानकारक, असमाधानकारक. संशोधनाचे गुण मात्र राहिले, आणि प्राध्यापकपदाला जाताना तेच दारात आडवे उभे असतात.

शिकवणं कसं मोजतात ते आधी पाहू, कारण टपरीवरच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले, त्याची टक्केवारी काढायची. ८० टक्के किंवा जास्त असेल तर उत्तम. ७० ते ८० च्या मध्ये असेल तर समाधानकारक. त्याखाली असमाधानकारक. झालं. वर्गात साठ पोरं होती की चार, शिकवलेलं कुणाला समजलं का, पंधरा वर्षांपूर्वीच्या पिवळ्या नोट्स वाचून दाखवल्या की काही नवं तयार केलं, यातलं काहीही त्या भागाकारात येत नाही. प्रसूती, बालसंगोपन, अभ्यास, वैद्यकीय अशा रजांचा काळ हिशेबातून वगळतात, आणि ते योग्यच आहे. पण उरलेल्या काळात मोजली जाते ती वेळापत्रकाची अंमलबजावणी. कंडक्टरने बस वेळेवर सोडली का, एवढंच बघायचं आणि प्रवासी चढले का ते विचारायचं नाही, तसा हा प्रकार. ८० टक्के तास रजिस्टरवर कुणाचे भरत नाहीत? मी एवढ्या वर्षांत 'असमाधानकारक' शेरा असलेली एकही फाइल पाहिली नाही. ज्या परीक्षेत सगळेच पहिल्या वर्गात येतात, त्या परीक्षेतून काय कळणार?

दुसरा भाग म्हणजे बाकीची कामं. विभागप्रमुखपद, परीक्षा आणि पेपर तपासणी, एनएसएस, एनसीसी, क्रीडा, चर्चासत्रांचं आयोजन, पीएचडीचं मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, एखादा शोधनिबंध अशी एक यादी आहे. त्यातली तीन किंवा जास्त कामं केली तर उत्तम, एक-दोन केली तर समाधानकारक. आणि गंमत बघा, शिकवण्यात उत्तम असेल आणि इथे नुसतं समाधानकारक असेल, तरी वर्षाचा एकूण शेरा उत्तमच होतो. म्हणजे एक काम पुरतं. आता एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी डोळ्यांसमोर आणा. सात दिवस पोरांना घेऊन एखाद्या गावात शाळेच्या खोल्यांत झोपायचं, पन्नास पोरांचं जेवण, रात्री कुणाला ताप आला तर गाडी शोधायची, मुलींच्या पालकांचे फोन घ्यायचे. आणि दुसरा माणूस कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रावर, जाऊन आला. दोघांच्या फॉर्मवर एकेक रकाना भरतो. पेपर तपासणं हलकं काम आहे असं मी म्हणत नाही. पण दोन्ही कामांचं वजन एकच धरणारा तराजू असेल तर पुढच्या वर्षी एनएसएस कोण घेणार? म्हणून ते नव्याने लागलेल्या पोराच्या गळ्यात पडतं.

(तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्यांना तर हा फॉर्मही नाही. अनेक विभाग त्यांच्याच जिवावर चालतात. त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.)

आता संशोधन. सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापक व्हायचं असेल तर पीएचडी हवी, १३ए वर तीन वर्षं झालेली हवीत, किमान दहा शोधनिबंध तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या किंवा यूजीसीच्या यादीतल्या नियतकालिकांत हवेत, त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले हवेत, आणि संशोधनाचे एकूण ११० गुण हवेत. सहा गटांपैकी किमान तीन गटांतून ते यायला हवेत. भाषा, कला, वाणिज्य यांत एका निबंधाला १० गुण, विज्ञानात ८. इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण मिळतात, ते हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवतो.

दोन फायली घेऊ. दोन्ही मीच रचल्या आहेत, कारण कुणाची खरी फाइल इथे मांडणं बरं नाही. पण यात एकही नोंद अशी नाही जी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

पहिली फाइल मराठीच्या मॅडमची. त्यांनी कन्नडमधली एक मोठी कादंबरी मराठीत आणली. चार वर्षं लागली. अनुवादित पुस्तकाला गुण किती? ८. एका निबंधापेक्षा दोन कमी. राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाकडून आलेलं स्वतःचं समीक्षेचं पुस्तक, १० गुण. संपादित ग्रंथांत चार प्रकरणं, प्रत्येकी ५ प्रमाणे २०. एका विद्यार्थ्याची पीएचडी पूर्ण करून घेतली, १०. राज्य पातळीवर पाच व्याख्यानं, प्रत्येकी २ प्रमाणे १०. आणि सहा शोधनिबंध, सगळे एकटीने लिहिलेले, ६०. बेरीज ११८. चार गटांतून आलेले गुण. ११० ची अट पार.

तरी फाइल परत येते. कारण निबंध सहाच आहेत आणि दहा हवेत. कादंबरी आणि समीक्षेचं पुस्तक मिळून चार निबंधांची जागा घेऊ शकत नाहीत.

दुसरी फाइल एका सरांची. त्यांचे निबंध दहा आहेत. दहाही एका मित्राबरोबर संयुक्तपणे लिहिलेले. इथे नियमातली एक ओळ फार महत्त्वाची आहे: दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. म्हणजे १० गुणांच्या निबंधाचे ७ याला आणि ७ त्याला. बेरीज केली तर १४. एकट्याने लिहिला तर १०, दोघांनी लिहिला तर १४! हा गणिताचा चमत्कार कुणाच्या डोक्यातून आला ते माहीत नाही, पण स्टाफरूमला तो कळायला एक चहा पुरला. तू पाच लिही, मी पाच लिहितो, दोघांची नावं दहावर टाकू. प्रत्येकाने कष्ट पाच निबंधांचे घ्यायचे, मोजले जाणार दहा. एकट्याने पाच लिहिले असते तर ५० गुण झाले असते, आता ७० झाले. तिघं झाले की हिशेब जरा बिघडतो, कारण मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना तीस-तीस. म्हणून तिघांपेक्षा जोडी फायद्याची. विज्ञानात प्रयोगशाळेत मिळूनच काम होतं, तिथे संयुक्त नाव खरंच असतं. पण इतिहासातला एक माणूस आणि वाणिज्यचा दुसरा मिळून संत साहित्यावर दहा निबंध लिहितात, तेव्हा काय चाललंय ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तर सरांचे ७० झाले. राहिले ४०. कॉलेजात तीन वर्षांत तीन 'राष्ट्रीय' चर्चासत्रं झाली. प्रत्येकाचा ग्रंथ निघाला, त्याला आयएसबीएन मिळाला, संपादक म्हणून एकट्या सरांचं नाव. संपादित पुस्तक राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलं तर संपादकाला ८ गुण. हा राष्ट्रीय प्रकाशक म्हणजे बहुतेक वेळा जिल्ह्याच्या गावातला छापखाना. तीन ग्रंथांचे २४. प्रत्येक ग्रंथात सरांचं स्वतःचं एक प्रकरण, ५ प्रमाणे १५. वाचलेला पेपर ग्रंथात छापला तर तो एकदाच मोजायचा अशी अट आहे, ती सर पाळतात, दोनदा लावत नाहीत. तशी गरजही नाही. विद्यापीठ पातळीवरचं एक व्याख्यान, २ गुण. ७० आणि २४ आणि १५ आणि २. एकशे अकरा. तीन गट. दहा निबंध. फाइल पास.

यात सरांनी एकही नियम मोडलेला नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. खोटी कागदपत्रं केली असती तर पकडता आली असती. इथे प्रत्येक झेरॉक्स खरी आहे.

निबंध छापून आणणं हा वेगळा धंदा आहे. 'तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह' असे मेसेज प्रत्येक प्राध्यापकाच्या फोनवर येतात. बढतीची तारीख ही निकष ज्या दिवशी पुरे होतात त्या दिवसावर ठरते, म्हणून निबंध कोणत्या महिन्याच्या अंकात आला यावर थकबाकीचे हजारो रुपये हलतात. मग मागच्या तारखेचा अंक मागणारे आणि देणारे दोन्ही तयार होतात. यूजीसीने यादी करून बघितली. त्या यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापली. साध्या निकषांवर टिकली ११२. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने चार हजारांहून जास्त नावं यादीतून काढली. २०१९ मध्ये केअर यादी आली. तर यादीतल्या चांगल्या नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब खोट्या वेबसाइट उभ्या राहिल्या आणि पैसे घेऊन निबंध छापू लागल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. आता नियतकालिक चांगलं की वाईट ते संस्थेने आणि प्राध्यापकाने आपापलं ठरवायचं.

एवढं वाचून अनेकजण म्हणतील, मग काढून टाका ते गुण! इथे मी थांबतो. कारण गुण नव्हते तेव्हाचा काळ जुन्या लोकांना आठवत असेल. तेव्हा गोपनीय अहवाल असायचा. नावाप्रमाणेच गोपनीय. प्राचार्यांनी आत काय लिहिलंय ते कळायचं नाही, आणि प्राचार्यांनी काय लिहावं ते अनेक ठिकाणी संस्थाचालकांच्या वाड्यावर ठरायचं. संस्थेच्या कार्यक्रमाला गर्दी जमवली का, निवडणुकीत कुणाचं काम केलं, आडनाव काय, यावर माणूस वर्षानुवर्षं अडकायचा. २०१० नंतर पहिल्यांदा असं झालं की कुणाच्याही वशिल्याशिवाय एखादी बाई आपली फाइल टेबलावर ठेवून म्हणू शकली, "हे माझे गुण, हे पुरावे, अडवायचं असेल तर लेखी कारण द्या." गुणांनी हुशारी मोजली नसेल, पण मनमानीला कुंपण घातलं. मी स्वतः अशा दोन फायली पाहिल्या आहेत ज्या आकड्यांमुळेच वाचल्या.

म्हणून जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा जो मसुदा आणला तो वाचून मला आनंद झाला नाही. त्यात हे गुणांचे तक्ते काढून टाकून नऊ प्रकारची 'उल्लेखनीय योगदानं' सांगितली आणि त्यातली किमान चार दाखवा असं म्हटलं. यादीत चांगल्या गोष्टी आहेत. नावीन्यपूर्ण अध्यापन आहे, भारतीय भाषांतून शिकवणं आहे, समाजाशी जोडलेलं काम आहे. आमच्या अनुवादक मॅडमना आणि एनएसएसवाल्याला तिथे जागा मिळू शकते. पण योगदान उल्लेखनीय आहे हे ठरवणार कोण? निवड समिती. समितीत कोण बसतात आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था कोण करतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. स्टार्टअप आणि प्रायोजित निधीही त्याच यादीत आहेत. तालुक्याच्या गावातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाने कसला स्टार्टअप काढायचा?

माझं म्हणणं साधं आहे. आकडे उंबरठ्यापुरते ठेवा आणि उंबरठ्याच्या आत माणसांना वाचायला लावा. ७० टक्क्यांची ओळ बदला: एका निबंधाचे गुण सगळ्या लेखकांत मिळून १० च्या वर जाता कामा नयेत. एवढ्या एका दुरुस्तीने सरांच्या ७० चे ५० होतील आणि जोड्या जमवण्याचा अर्धा बाजार बसेल. दहा निबंधांची अट शिथिल करून पुस्तक आणि अनुवादाला निबंधांच्या जागी धरू द्या. एका पूर्ण पुस्तकाला निदान दोन निबंधांची जागा द्या म्हटलं तर कुणाचं काय जातं? स्वतःच्याच कॉलेजच्या चर्चासत्राचा ग्रंथ संपूर्ण कारकिर्दीत एकदाच मोजा.

आणि शिकवण्यासाठी एक काम करा, ज्याला पैसेही लागत नाहीत. वर्षातून दोनदा त्याच विषयाचा बाहेरच्या कॉलेजातला एक प्राध्यापक वर्गात मागच्या बाकावर बसू दे आणि एक पान लिहून देऊ दे. ते पान गोपनीय नको, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याची त्यावर सही हवी आणि उत्तर द्यायला खाली जागा हवी. याला विरोध होणार, माहीत आहे. "आमच्यावर पाळत ठेवता का" असं संघटना म्हणतील. पण शाळेत विस्तार अधिकारी येऊन पाठ बघतो तेव्हा शिक्षक काही मरत नाहीत. आणि आज ८० टक्क्यांच्या भागाकारात जो खरंच जीव ओतून शिकवतो त्याच्या बाजूने बोलणारा एकही कागद फाइलमध्ये नसतो. माझ्या एका सहकाऱ्याचा व्याकरणाचा तास ऐकायला दुसऱ्या वर्गातली पोरं दाराबाहेर उभी राहायची. त्याच्या फॉर्मवर त्या वर्षी लिहिलेलं होतं: ९१ टक्के, उत्तम. शेजारच्या खोलीत खुर्चीत बसून नोट्स उतरवून देणाऱ्याचा आकडा ९३ होता.

निवड समितीतल्या विषयतज्ज्ञांनाही एक विनंती. उमेदवाराला त्याच्या मते सर्वांत चांगले तीन निबंध आधी पंधरा दिवस पाठवायला सांगा आणि मुलाखतीत त्यावरच बोला. आताच्या नियमांत हे करायला कुणी अडवलेलं नाही. दहा मिनिटांत कळतं की निबंध कुणी लिहिलाय. मी एका मुलाखतीला बाहेर बसलो होतो, आत तज्ज्ञाने उमेदवाराला त्याच्याच निबंधातल्या एका संज्ञेचा अर्थ विचारला. उमेदवार म्हणाला, "तो भाग माझ्या सहलेखकाने बघितला होता, सर." तज्ज्ञाने पुढचा निबंध काढला. तिथेही सहलेखकच. तिसऱ्यालाही तेच. त्या दिवशी फाइलवर गुण ११४ होते, आणि बढती झाली, कारण ११४ हे ११० पेक्षा जास्त आहेत आणि तज्ज्ञाच्या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.